तोंडातली जाळी

माझ्या तोंडाचं काहीतरी बिनसलंय, हे सगळ्यात आधी अकोल्याच्या एका व्यापाऱ्यानं ओळखलं. तेही फोनवरून.

जुन्या शहरात त्यांचं किराण्याचं दुकान आहे. मी अमरावतीला घरी मसाले करते. काळा मसाला, मिरचीपूड, शेंगदाण्याची चटणी. दोन बाया मदतीला असतात, कांडपयंत्र मागच्या पडवीत आहे, आणि प्रत्येक घाण्यातली चिमूटभर जिभेवर ठेवून मी सांगायची, "कलमी कमी पडली," नाहीतर "मिरची अजून एक ओंजळ." तराजू होता घरात, पण खरा तराजू माझी जीभ. अकोल्याचे हे शेठ दर महिन्याला माल घ्यायचे आणि मला आपा म्हणायचे.

त्या दिवशी फोन आला. "आपा, यह मसाला किसके लिए बनाया? बच्चों के लिए?"

"काहून? काय झालं?"

"मिरचीच नाई त्याच्यात. गिऱ्हाईक परत आनून देऊन राहिले. बोल्ले, शेठ, हे तर हळदीचं पाकीट हाय."

मी चिडले. वीस वर्षांत असं कोणी बोललं नव्हतं. फोन ठेवला आणि त्याच घाण्यातला मसाला जिभेवर टाकला. डोळ्यांतून पाणी आलं, गालाच्या आत कोणी पेटती काडी फिरवल्यासारखं झालं. आणि शेठ म्हणतात फिका! मी ह्यांना हाक मारली. आमचे हे नुकतेच शाळेतून रिटायर झाले होते आणि पेपर वाचून झाला की घरभर फिरत असायचे. त्यांनी चमचाभर मसाला तोंडात टाकला, चघळला, माझ्याकडे पाहिलं.

"अवं, हा तर खरंच फिका हाय."

तेव्हा मला कळलं की गेले तीन-चार महिने मी मिरची कमी करत चालले होते. कारण मला सगळंच तिखट लागत होतं. भाजी, लोणचं, अगदी पुदिन्याची टूथपेस्टसुद्धा. हिरड्या लाल झाल्या होत्या, ब्रश लावला की रक्त यायचं, म्हणून मी ब्रश अर्धवटच फिरवायची. पोटात उष्णता वाढली असेल म्हणून सब्जा पिऊन झाला, गुलकंद खाऊन झाला, मेडिकलवाल्याने दिलेल्या बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्याही झाल्या. वऱ्हाडातली बाई, त्यातून मसाल्याचा धंदा, आणि तिला तिखट सोसत नाही. हे कोणाला सांगायचं?

गल्लीतल्या दाताच्या डॉक्टरांनी मला दोन मिनिटं पाहिलं. गाल बाहेर ओढला, दिवा मारला, दुसरा गाल ओढला. मग म्हणाले, "दात ठीक आहेत. पण आत जे दिसतंय त्यासाठी तुम्ही दातांच्या कॉलेजच्या दवाखान्यात जा. तोंडाच्या आजारांचा वेगळा विभाग असतो तिथं."

"काय दिसून राहिलं?"

"पांढरे पट्टे."

तोंडात पांढरे पट्टे म्हटल्यावर आपल्या मनात एकच शब्द येतो. घरी येईपर्यंत मी मनातल्या मनात तो शब्द दहादा म्हटला आणि ह्यांना मात्र सांगितलं, "दात साफ करायले बोलावलं."

कॉलेजच्या ओपीडीत केसपेपर काढून मी बाकावर बसले. माझा नंबर आला तेव्हा समोर एक तरुण डॉक्टरीण होती. ॲप्रनवर ओढणी नीट पिन केलेली, आवाज खणखणीत. माझा पत्ता वाचून तिनं सरळ विचारलं, "काकू, तुमी त्या मसालेवाल्या काय? आमच्या वलगावच्या घरी तुमचीच चटनी येते."

ती वलगावची, शेतकऱ्याची मुलगी. मला तिथल्या तिथं निम्मं बरं वाटलं.

तिनं तोंड उघडायला लावलं, आणि बघता बघता खुर्चीभोवती सात-आठ विद्यार्थी जमले. माझ्या तोंडाला इतके प्रेक्षक कधीच मिळाले नव्हते. तिनं कापसाच्या जाळीदार पट्टीनं गाल पुसला. "पाहा, हे पुसून जात नाही. दोन्ही गालांवर आहे, सारखं आहे." मग माझ्या हातात छोटा आरसा दिला. "काकू, तुमी पन पाहा. भिऊ नका."

मी पाहिलं. गालाच्या आत, दाढांच्या बाजूला, पांढऱ्या बारीक रेषांची जाळी पसरली होती. कोणीतरी बारीक सुईनं क्रोशाची लेस विणून आत चिकटवली असावी, तशी. मधूनमधून लालसर जागा होत्या, आणि हिरड्या तर सोललेल्या टोमॅटोसारख्या. मला वाटलं होतं काहीतरी भयंकर दिसेल. दिसलं ते विणकाम.

"जिथं नुसती पांढरी जाळी आहे तिथं काही दुखत नाही," ती म्हणाली. "दुखते ती लाल जागा. तिथलं वरचं कातडं पातळ होऊन सोललंय. मिरची थेट आत लागते."

मग प्रश्न सुरू झाले. कोणत्या गोळ्या चालू आहेत? बीपीची एक. तिनं नाव लिहून घेतलं. म्हणाली, काही गोळ्यांनी तोंडात अगदी असंच दिसतं, पण आपल्या मनानं बंद करायची नाही, तुमच्या डॉक्टरांना मी चिठ्ठी देते. अंगावर कुठं खाज? मी बाही वर केली. मनगटाच्या आतल्या बाजूला जांभळट, चपटे, चकाकणारे पुटकुळ्यांचे ठिपके होते. मी ते मिरचीची ॲलर्जी समजून खोबरेल तेल लावत होते. ती विद्यार्थ्यांना म्हणाली, "बघा, हातांचं न विचारता सोडलं असतं तर?" मग मुलांना जरा लांब पाठवून हळूच विचारलं, "खाली, लघवीच्या जागी आग, खाज?" नव्हती. पण तिनं विचारलं हे मला आवडलं. इतक्या वर्षांत कोणत्या डॉक्टरानं इतक्या साधेपणानं विचारलं नव्हतं.

"ह्याचं नाव लायकेन प्लेनस," ती म्हणाली. "पन नाव पक्कं करायले एक तुकडा तपासावा लागंल."

तुकडा म्हटल्यावर मी पदर आवळला. "म्हंजे ते... ते हाय का?"

"कॅन्सर म्हनून नाई काढत काकू. काय आहे ते डोळ्यांनी दिसतंय, तरी कागदावर पाहिजे. आणि सुरुवातीला पेशी कशा होत्या हे माहीत असलं की पुढं बदल झाला तर कळतो."

सुई देऊन गालाचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढला, दोन टाके पडले. त्या दिवशी मी पहिल्यांदा ह्यांना खरं सांगितलं. ते घाबरले, पण त्यांनी काय केलं? माझा चहाचा कप वेगळा ठेवला. हळूच, कोणाला कळू नये अशा बेतानं, मांडणीच्या एका कोपऱ्यात.

पुढच्या खेपेला मी त्यांना सोबत नेलं आणि डॉक्टरीणबाईंसमोरच कपाची गोष्ट काढली. ती हसली. "सर, हा कोनापासून कोनाले होत नाई. एका कपात चहा प्या, एका ताटात जेवा. हा जंतूंचा आजार नाही. शरीराचे जे शिपाई जंतूंशी लढतात ना, तेच चुकून आपल्याच तोंडाच्या कातडीवर धावून जातात. का धावतात हे अजून कोणाला नीट माहीत नाही."

ह्यांनी मान खाली घातली. संध्याकाळी कप परत जागेवर होता.

रिपोर्ट तोच आला, लायकेन प्लेनस. पेशींत वाईट बदल नव्हता. मी विचारलं, किती दिवसांत बरं होईल? ती पेन टेबलावर ठेवून म्हणाली, "खोटं नाही सांगत. बरं होऊन निघून गेलं, असं फार कमी लोकांचं होतं. बीपीसारखं समजा. हाताशी ठेवता येतं, मुळातून काढता येत नाही. हातावरचे ठिपके एखाद्या वर्षात जातील. तोंडातलं मात्र वर्षानुवर्षं राहतं. कधी चिडेल, कधी झोपेल."

मग माझं नवं वेळापत्रक सुरू झालं. जेवण झालं की तोंड धुवायचं, हिरडी कापडानं कोरडी करायची, तिनं दिलेलं मलम बोटानं लावायचं आणि अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही. बोलायचंही कमी. शेजारणींना वाटलं मी मौन धरलंय. पुदिन्याची, झणझणीत पेस्ट बंद. साधी, बिनफेसाची आणली. मऊ ब्रश घेतला, कारण तिनं ठणकावून सांगितलं, "दुखतं म्हनून ब्रश सोडला तर कीट साचते, आणि हिरडी अजून चिडते." डावीकडं एका दाढेची कड तुटून टोकदार झाली होती, ती घासून गुळगुळीत केली. त्या बाजूची जखम पंधरा दिवसांत निम्मी झाली. बीपीची गोळी बदलून पाहिली, काहीच फरक पडला नाही, म्हणजे ती बिचारी निर्दोष होती. जेवणानंतर सुपारी खायची सवय होती, ती बंद केली. आणि मसाल्याची चव?

"कलमी, म्हंजे दालचिनी, आणि मिरची, हे दोन्ही तुमच्या तोंडाचे वैरी," ती म्हणाली. "रोज चाखून राहिल्या तर मी किती मलम देऊ?"

म्हणून चव घेण्याचं काम ह्यांच्याकडं गेलं. तीस वर्षं भूगोल शिकवलेला माणूस चमचा घेऊन कांडपयंत्रापाशी उभा राहिला. पण त्यांना खर्रा खायची सवय. सुपारी-तंबाखू-चुन्यानं जीभ अशी काही बधिर झालेली, की मिरची कितीही टाका, ते म्हणायचे, "अजून थोडी." तो घाणा अकोल्याला गेला आणि दोन दिवसांनी फोन.

"आपा, इस बार तो आग लगा दी! एक गिऱ्हाईक म्हने, शेठ, मटन खाल्लं आन् रडलो."

शेवटी आमच्या दोन बायांपैकी थोरलीकडं चमचा सोपवला. तिची जीभ माझ्याहून चोख निघाली, हे मान्य करायला मला थोडे दिवस लागले.

दोन महिन्यांनी एकदा गालावर पांढरा जाडसर थर आला. मी घाबरून धावत गेले, जाळी वाढली म्हणून. तिनं पट्टीनं पुसलं आणि थर निघून आला, खाली लाल. "ही दुसरीच पाहुणी. मलमानं बुरशी येते कधी कधी." बुरशीचं औषध दिलं, आठवड्यात गेली. पुसलं तर जातं की नाही, ह्या एका गोष्टीत किती फरक आहे, हे मला तेव्हा समजलं.

मग मुलीचं लग्न ठरलं. ज्या महिन्यात हॉल, जेवण, मानपान ह्यावरून घरात रोज काथ्याकूट चालायचा, त्याच महिन्यात माझ्या हिरड्या परत सोलल्या. डॉक्टरीणबाईंनी केसपेपरवर लिहिलं: ताण. मी म्हटलं, "ह्याले औषध हाय का?" ती म्हणाली, "लग्न उरकवा." लग्न उरकलं, आणि पुढच्या महिन्यात तोंड खरंच शांत झालं.

इथपर्यंत मी शहाण्या मुलीसारखी वागले. आधी दर महिन्याला, मग तीन महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी जायची. प्रत्येक वेळी ती गाल, जीभ, जिभेच्या कडा, तोंडाचा तळ बोटानं दाबून पाहायची, फोटो काढायची आणि जुन्या फोटोशेजारी ठेवायची. मला काही त्रास नसला तरीही. तिथंच माझं गणित चुकलं. आग नाही, रक्त नाही, वरणात थोडी हिरवी मिरचीसुद्धा चालते, तर मग अर्धा दिवस घालवून तिथं जायचं कशाला? एक तारीख मसाल्याच्या गडबडीत गेली, दुसरी मुलीच्या बाळंतपणात. डॉक्टरीणबाईंचा फोन आला की मी म्हणायची, "येते, येते, पुढच्या आठवड्यात." असं दीड वर्ष गेलं.

मग ह्यांची दाढ मोडली. खर्ऱ्यातल्या सुपारीनं. कडकन आवाज झाला तो मी स्वयंपाकघरात ऐकला. दुखायला लागल्यावर त्यांना त्याच कॉलेजात न्यावं लागलं. मी डोक्यावरून पदर पुढं ओढून ओपीडीच्या बाकावर, खांबाच्या आड बसले. डॉक्टरीणबाईंनी आपल्याला पाहू नये इतकीच इच्छा होती.

"काकू, पदर खाली घ्या. मी तुमाले चालन्यावरून ओळखते."

मी उठून उभी राहिले, शाळेत उशिरा आलेल्या मुलीसारखी.

"मले काहीच त्रास नाई ना पन. खरंच. एकदम छान हाय."

"छान असलं तर दोन मिनिटांत सोडते. आल्याच आहात तर बसा खुर्चीत."

मी बसले. गाल पाहिले, जाळी होती, पण शांत. हिरड्या गुलाबी. मी मनात म्हटलं, बघ, सांगितलं होतं. मग तिनं जिभेचं टोक पट्टीत धरून जीभ उजवीकडं ओढली, मग डावीकडं. आणि ती थांबली. बोट एका जागी ठेवलं, दाबलं, पुन्हा दाबलं.

"इथं दुखतं?"

"नाई."

"कधी आग झाली?"

"नाई ना."

तिनं जुना फोटो उघडला. जिभेच्या डाव्या कडेला तेव्हा काहीच नव्हतं. आता हरभऱ्याच्या डाळीएवढी एक जागा होती, थोडी जाड, थोडी खरबरीत, पांढरी आणि मध्ये लालसर. मला ती कधीच जाणवली नव्हती. जिथं आग व्हायची ती प्रत्येक जागा मी डोळे मिटून दाखवू शकले असते. ही जागा माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती.

"ह्याचा तुकडा घ्यावा लागंल," ती म्हणाली, आणि ह्या वेळी हसली नाही.

आठ दिवस रिपोर्टची वाट पाहिली. त्या आठ दिवसांत मी इतका मसाला केला की ठेवायला डबे उरले नाहीत. आमचे हे माझ्या मागं मागं असायचे. मधेच एकदा, मिरच्यांची देठं खुडता खुडता म्हणाले, "मी तुले दर खेपेले घेऊन जायले पायजे होतं." मी म्हटलं, "मी काय लहान हाय?" दोघंही मग देठं खुडत बसलो. त्या वेळी मला आपलं तोंड पहिल्यांदा परकं वाटलं. आपल्याच अंगातली जागा आणि तिची बातमी दुसऱ्यानं सांगायची.

रिपोर्टच्या दिवशी तिनं दोघांनाही समोर बसवलं.

"कॅन्सर नाही. आधी हे ऐका. पण पेशी बदलायला लागल्या आहेत. त्या वाटेवर दोन पावलं टाकली आहेत म्हणा. आता ती जागा काढून टाकू."

"लायकेन असलं की सगळ्यायलेच असं होते काय?" ह्यांनी विचारलं.

"नाही सर. बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही. शंभरात एखाद्याला होतं, तेही वर्षं गेल्यावर. पण तो एक कोण असेल हे कोणाच्या तोंडावर लिहिलेलं नसतं. दुखण्यावरूनही कळत नाही. म्हणून शंभरच्या शंभर जणांना बोलवावं लागतं." मग माझ्याकडं वळून, "काकू, मी तुम्हाला आग थांबवायला नव्हती बोलावत. आग तर तुम्ही घरीच थांबवली असती. मी ह्याच्यासाठी बोलावत होते."

मी तिचा हात धरला.

पुढच्या आठवड्यात तिथल्याच सर्जननं ती जागा, भोवतीच्या चांगल्या कडेसकट, काढली. जीभ सुजून इतकी मोठी झाली की "ळ" म्हणता येईना. दोन आठवडे पातळ खिचडी, ताक आणि गार केलेलं वरण. मुलगी फोनवर बाळाला दाखवायची आणि मी त्याला नुसतं "उं उं" करायची. तो तिकडून तसंच उत्तर द्यायचा, आमचं छान जमायचं. काढलेल्या तुकड्याच्या कडा स्वच्छ आल्या. कॅन्सरपर्यंत गोष्ट गेलीच नव्हती.

ह्यांची दाढ दाखवायला गेलो होतो, त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी ह्यांनाही खुर्चीत बसवलं होतं. त्यांच्या गालांत जाळी नव्हती, पण खर्ऱ्यानं आतली कातडी फिकी आणि कडक व्हायला लागली होती. तोंड पूर्वीइतकं उघडत नव्हतं. तिनं त्यांना तोंडात तीन बोटं उभी घालायला सांगितली. अडीच गेली. त्यांनी पुडी खिशातून काढून तिच्या टेबलाखालच्या डब्यात टाकली. पूर्ण सुटली असं मी छातीठोक सांगणार नाही. लग्नकार्यात अजून हात वळतो. पण घरात पुडी येत नाही, आणि आता दोघांचेही केसपेपर एकाच पिशवीत असतात.

त्यानंतर तीन वर्षं झाली. दर तीन महिन्यांनी मी जाते, दुखो वा न दुखो. जाळी आहे तशीच आहे, कधी दाट, कधी विरळ. मागच्या महिन्यात अकोल्याला त्या शेठच्या घरी लग्नाला गेले होते. त्यांच्या बायकोनं माझ्यासाठी बिनमिरचीचा पुलाव वेगळा काढून ठेवला होता. जेवताना त्या म्हणाल्या, त्यांच्या थोरल्या जावेला दोन वर्षांपासून तोंडात पांढरं दिसतं, पण दुखत नाही, म्हणून कोणाला दाखवलं नाही.

मी हात धुतला, जाऊबाईंना खिडकीपाशी नेलं आणि मोबाईलचा दिवा लावून म्हटलं, "आ करा."

मला काय कळणार होतं? पांढरं होतं, एका गालावर होतं, एवढं दिसलं. जाळी होती की नाही हेही सांगता आलं नाही. मी दिवा बंद केला आणि म्हटलं, "मी डॉक्टर नाई. पन दुखत नाई म्हनून थांबू नका. परवा सकाळी मी तुमाले आमच्या अमरावतीच्या कॉलेजात घेऊन जाते."

त्या म्हणाल्या, "परवा तर घरी पाहुणे आहेत."

"मग त्याच्या दुसऱ्या दिवशी," मी म्हटलं, आणि पिशवीतून वही काढून तारीख त्यांच्यासमोरच लिहिली.